पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपसाठी सोपा करायचा आहे: वाचणारे १७ ते ८४ वयाचे

कृष्णाकाठ

छापील पत्रिकेचा मजकूर तयार आहे. त्यावरून नातेवाइकांना पाठवायचा छोटा, आपुलकीचा संदेश करायचा आहे. वाचणाऱ्यांत ८४ वर्षांच्या आत्याआजी आहेत. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याचं राहिलंय. कॉलेजातली भाचरंही आहेत, पण ती तिसऱ्या ओळीपुढे वाचत नाहीत. मुलीकडचे इंदूरचे मराठी आहेत आणि दोन घरं अमेरिकेत. मुलाचे वडील नाहीत, निमंत्रण आईच्या आणि मोठ्या काकांच्या नावाने जाणार आहे.

सध्याचा मजकूर असा आहे (नावं, तारीख, मुहूर्त बदललेत, मिती गाळली आहे):

```
॥ श्री गणेशाय नमः ॥
॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥
॥ श्री ज्योतिबा प्रसन्न ॥
स. न. वि. वि.
आमचे येथे श्रीकृपेकरून कै. ... यांचे कनिष्ठ चिरंजीव
चि. अमेय यांचा शुभविवाह इंदूर निवासी श्री. ... यांची ज्येष्ठ
कन्या चि. सौ. कां. ऋतुजा हिजबरोबर मिती ... शके १९४८,
रविवार दि. ०६/१२/२०२६ रोजी दुपारी १२ वा. ३४ मि. या
शुभमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. तरी या मंगलप्रसंगी आपण
सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह उपस्थित राहून वधू-वरांस
शुभाशीर्वाद द्यावेत, ही आग्रहाची विनंती.
```

खाली निमंत्रकांची सात नावं, कार्यालयाचा पत्ता आणि "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" आहेच. काय ठेवायचं, काय काढायचं?

टोमॅटोसार

हल्ली व्हिडिओ पत्रिका मिळते की. सनई, फुलं, दोघांचे फोटो, तीस सेकंदांत काम. मजकूर कोण वाचतंय?

अक्षरजुळारी

टोमॅटोसार, प्रश्न मजकुराचा आहे. व्हिडिओ हवा तर सोबत पाठवा, पण त्यात पत्ता चार सेकंद दिसतो आणि जातो. आत्याआजींना लग्नाच्या आदल्या दिवशी पत्ता शोधायचा असेल तर व्हिडिओ चार वेळा थांबवून बघावा लागेल. चित्राचंही तेच. जेपीजी पत्रिकेतली अक्षरं फोनची अक्षरं मोठी केली तरी मोठी होत नाहीत. दोन बोटांनी ताणली तर ओळीचं टोक पडद्याबाहेर जातं, मग चित्र डावीकडे-उजवीकडे सरकवत वाचायचं. वर फोन नंबर दाबून लागत नाही, आणि फोनला मोठ्याने वाचायला लावलं तर चित्रातलं नीट वाचलं जाईलच असं नाही. आधी साधा मजकूर, त्याखाली हवं तर चित्र.

आता कृष्णाकाठ यांच्या मजकुराकडे. त्यात चूक काही नाही. कागदावर तो मधोमध जुळवलेला, मोठ्या टाइपात छान दिसतो. फोनवर अडचण होते ती त्या एकाच वाक्यामुळे. "आमचे येथे" पासून "योजिले आहे" पर्यंत एक वाक्य आहे, आणि क्रियापद येईपर्यंत दोन घरं, दोन नावं, मिती, शक, वार, तारीख, मुहूर्त असं सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. मोठ्या अक्षरांच्या फोनवर हे वाक्य दहा-बारा ओळी खातं. जी गोष्ट परत परत शोधावी लागते, म्हणजे वार, वेळ आणि जागा, ती नेमकी मधे गाडली गेलीय.

म्हणून पहिलं काम शब्द सोपे करण्याचं नाही, वाक्य तोडण्याचं आहे. एका ओळीत एकच माहिती. आणि ती ओळ मोठ्या अक्षरांतही फार तर दोनदा मोडावी.

दुसरं, संदेश आला की पडद्यावर सूचना दिसते ती पहिल्या एक-दोन ओळींची. तुमच्या मजकुरात तिथे तीन देवांची नावं दिसतील आणि लग्नाचं नावही नाही. गणपतीची एक ओळ ठेवा. बाकीचे देव छापील पत्रिकेत आहेतच.

नानासाहेब

कुलस्वामिनी काढायची? मंगलकार्याच्या पत्रिकेतून? सूचनेत काय दिसतं म्हणून देव गाळायचे, हे काही पटलं नाही.

अक्षरजुळारी

नाना, पत्रिकेतून नाही काढायची. ती देवापुढे ठेवायची, कुंकू लावून द्यायची, तिच्यात तिन्ही ओळी राहतील. हा संदेश म्हणजे काकूंनी फोन करून सांगितल्यासारखा आहे. तरी कृष्णाकाठांच्या घरात कुलस्वामिनीची ओळ हवीच असेल तर गणपतीच्या ओळीतच शेजारी लिहा, वेगळी ओळ नको.

बेरीज_वजाबाकी

आणखी एक, व्हॉट्सॲपवर देवनागरी संदेश ७० अक्षरांचाच जातो, नंतर तुटून दुसरा होतो. आणि तारीख देवनागरी आकड्यांत लिहू नका, फोनला कळत नाही.

अक्षरजुळारी

७० ची मर्यादा एसएमएसची. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, देवनागरी ७० चा, आणि लांब झाला तर जोडून जाणारा प्रत्येक तुकडा ६७ चा. त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. "मुहूर्तावर" दिसायला पाच अक्षरं, मोजायला दहा. व्हॉट्सॲपवर ही अडचण नाही, तिथे फार लांब संदेश घडी होऊन "रीड मोअर"खाली जातो. बऱ्याच ज्येष्ठांना त्या निळ्या शब्दांवर बोट ठेवायचं असतं हे ठाऊक नसतं. त्यांच्या दृष्टीने संदेश तिथेच संपला. म्हणून जागा आणि वेळ वरच्या अर्ध्यात हवी.

एसएमएस मात्र लागणार आहे. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे त्यांच्यासाठी. त्यात इतकंच पुरे: "अमेयचं लग्न रविवार ६ डिसेंबर, सकाळी ११, सांगली. जरूर या." हे ७० च्या आत बसतं. पत्ता फोनवर सांगा.

आकड्यांबद्दल तुमचं अर्धं बरोबर. तारीख माणसाने वाचायची आहे, ती देवनागरीत हवी. फोन नंबर बोटाने दाबायचा आहे, तो इंग्रजी आकड्यांत लिहा. देवनागरी आकड्यांचा नंबर सगळ्या फोनवर दाबता येईलच असं नाही. आधी स्वतःच्या दुसऱ्या नंबरवर पाठवून दाबून पाहा.

कॅलिफोर्नियातली_मावशी

तारखेवरून एक. ०६/१२/२०२६ असं लिहिलंत तर इथे वाढलेली मुलं ते १२ जून वाचतील. इथे महिना आधी लिहितात. महिना अक्षरांत लिहा, वाद मिटला.

आणि आम्ही थेट प्रक्षेपण बघणार असू तर इथली वेळ देऊन टाका. दुपारी १२.३४ म्हणजे न्यूयॉर्कला त्याच रविवारी पहाटे २ वाजून ४ मिनिटं, पण कॅलिफोर्नियात शनिवारी रात्री ११ वाजून ४ मिनिटं. वार बदलतो, तिथेच लोक चुकतात. रविवारी रात्री लावून बसतात आणि लग्न होऊन गेलेलं असतं. हा हिशेब डिसेंबरचा आहे. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे असतात.

अक्षरजुळारी

उत्तम. पण हे फक्त अमेरिकेच्या दोन घरांच्या प्रतीत. सांगलीतल्या आत्याआजींना न्यूयॉर्कची वेळ दिली तर त्या पहाटे दोनला उठून बसतील.

माझा मसुदा असा. हा जवळच्या ज्येष्ठांसाठी, मुलाच्या आईच्या तोंडचा:

```
॥ श्री गणेशाय नमः ॥

ती. काका व सौ. काकूंस
सा. नमस्कार.

आपल्या अमेयचं लग्न ठरलं आहे,
इंदूरच्या ऋतुजाशी.

*रविवार, ६ डिसेंबर २०२६*
*सकाळी ११ पर्यंत पोहोचा*
मुहूर्त दुपारी १२ वाजून ३४ मिनिटांनी.
लगेच जेवणं.

*अबक मंगल कार्यालय,*
*विश्रामबाग, सांगली*
(नकाशाचा दुवा)

घरच्या सगळ्यांना घेऊन या.
तुमच्या हातच्या अक्षता दोघांच्या
डोक्यावर पडायला हव्यात.

मुक्कामाची सोय केली आहे.
किती जण, कधी येताय ते
२० नोव्हेंबरपर्यंत समीरला सांगा:
(फोन नंबर)
```

खाली आईचं आणि काकांचं नाव. बस.

काही गोष्टी मुद्दाम केल्यात. मुहूर्ताच्या आधी पोहोचायची वेळ ठळक केली, कारण लोक सगळ्यात मोठी दिसणारी वेळच लक्षात ठेवतात. १२.३४ ठळक केलीत तर निम्मे लोक साडेबाराला दारात येतील आणि मंगलाष्टकं चालू असताना खुर्ची शोधतील. "वा." आणि "मि." पूर्ण लिहिले, कारण पडद्यावरचं मोठ्याने वाचणाऱ्या टॉकबॅकवर ऐकणाऱ्याला "वा" म्हणजे दाद दिल्यासारखं ऐकू येतं. ठळक फक्त तीन गोष्टी. सगळंच ठळक केलं तर छोट्या पडद्यावर जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात, "र्त" आणि "ष्ट" वाचताच येत नाहीत.

ठळक करताना चांदणी अक्षराला चिकटून हवी. मधे मोकळी जागा सुटली की अक्षरं ठळक होत नाहीत, नुसत्या चांदण्या दिसतात. एक जोडी दोन ओळींवरही चालत नाही, म्हणून दोन ओळींच्या पत्त्याला प्रत्येक ओळीवर वेगळी जोडी लावली आहे.

रानजाई

मसुदा आवडला. पण "घरच्या सगळ्यांना घेऊन या" आणि "सहकुटुंब सहपरिवार" यात आचाऱ्याच्या दृष्टीने काहीच फरक नाही. किती पानं धरायची ते दोन्हीतून कळत नाही. एका घरातून दोघं येतात, दुसऱ्यातून दोघं, त्यांची मुलं, सुनेची आई आणि शेजारचे काका. केटरर पानांचा आकडा आधी मागतो आणि नक्की केलेल्या पानांचे पैसे घेतो, लोक येवोत न येवोत.

अक्षरजुळारी

बरोबर आहे. ज्येष्ठांना "किती जण येणार" हे थेट जेवणाच्या संदर्भात विचारलं की राग येतो, पानं मोजताय काय म्हणून. म्हणून मी आकडा मुक्कामाच्या नावाखाली विचारला. खोली, गादी, पांघरूण यांची चौकशी ही काळजी वाटते. पण हे बाहेरगावच्यांपुरतंच चालतं. गावातल्यांचं काय?

तिथे नावं घालणं हाच उपाय. "घरच्या सगळ्यांना" ऐवजी "तुम्ही दोघं, निखिल आणि सूनबाई, आणि छोटी". नावं घातली की निमंत्रण जास्त प्रेमाचं वाटतं आणि हद्दही आपोआप ठरते. मेहनत आहे, प्रत्येक घराला एक ओळ बदलावी लागते. ६० घरं असतील तर एक संध्याकाळ जाते. नावांची यादी वहीत आधी करा, फोनवर आठवून लिहायला बसलात की कोणाची तरी धाकटी सून राहते. आणि ती राहिलेली पुढची वीस वर्षं ऐकावी लागते.

सदाशिव_पेठी

"लग्न ठरलं आहे", "या", "सांगा". हे निमंत्रण आहे की निरोप? पत्रिकेची भाषा प्रमाण हवी. निदान "आपण अगत्य यावे" इतकं तरी.

रानजाई

सदाशिव_पेठी, सख्ख्या काकूला "आपण अगत्य यावे" लिहिलंत तर ती विचारेल, काय बिनसलंय का?

अक्षरजुळारी

दोघांचंही आपापल्या जागी खरं आहे. मी भाषा वयावर ठरवत नाही, अंतरावर ठरवतो. ज्यांच्या घरी आपण न कळवता जेवायला जातो त्यांना "या". मुलीकडचे, सोयरे, आईच्या ऑफिसातले, सोसायटीचे अध्यक्ष यांना "यावे". इंदूरकडच्या नातेवाइकांसाठी तीच चौकट ठेवून ओळी बदला: "चि. अमेय व चि. सौ. कां. ऋतुजा यांचा विवाह योजिला आहे", "आपण सर्वांनी अगत्य यावे". दोन्ही घरांतून जाणार असेल तर वधूचं नाव तिच्या आईवडिलांच्या नावासह लिहा. ते फक्त "इंदूरची ऋतुजा" असं पाहून नाराज होतील, आणि त्यात त्यांची चूक नाही.

एकच काळजी घ्या, एका संदेशात दोन्ही सूर मिसळू नका. वर "योजिले आहे" आणि खाली "नक्की या हां" असं झालं की दोन जणांनी मिळून लिहिल्यासारखं दिसतं.

भाचरांसाठी याहून छोटा. देवाची ओळ, वार-तारीख-वेळ, जागा, दुवा. आणि त्यांचं काम: "शनिवारी संध्याकाळी हळद आहे, पिवळं घालून या." त्यांना काहीतरी करायला दिलं की ती संदेश वाचतात.

माळव्यातला_मराठी

इंदूरहून लिहितोय. एक गोष्ट कोणी बोललं नाही. मिती छापणार असाल तर जपून. तुमच्याकडे महिना अमावास्येला संपतो. इकडचं पंचांग बहुतेक पौर्णिमेला महिना संपवतं. शुद्ध पक्षात दोन्हींचं नाव जुळतं, वद्य पक्षात इकडचा महिना एक पुढे असतो. तुमचा कार्तिक वद्य तो इकडचा मार्गशीर्ष कृष्ण. आमच्या घरात मराठी पंचांग असतं, पण शेजारी, व्याही, गुरुजी बघतात ते वेगळं. दोन्ही पत्रिकांवर वेगवेगळे महिने दिसले की फोन सुरू होतात, तारीख बदलली का म्हणून.

कृष्णाकाठ

हे अजिबात डोक्यात नव्हतं. आमच्या खऱ्या तारखेला वद्य पक्षच आहे.

अक्षरजुळारी

मग संदेशात मिती नकोच. छापील पत्रिकेत असू द्या, आणि इंदूरची पत्रिका तिथले छापतील तेव्हा त्यांच्या गुरुजींकडून मिती घेऊ द्या. दोन्हीकडे इंग्रजी तारीख आणि वार एक असले की झालं. वार मात्र नेहमी लिहाच. तारखेत टंकनाची चूक झाली तर वारावरून पकडली जाते.

नानासाहेब

मिती नको, देव नको. ठीक आहे, चालू द्या. पण एक सांगतो, निमंत्रण मुलाच्या आईच्या नावाने जात नाही. वडील नसतील तर थोरल्या काकांच्या नावाने जातं. हा नियम आहे.

रानजाई

नियम कुठे लिहिलाय नाना? पूर्वी तसं करत, ते खरं आहे. विधवा आईला मंगलकार्यात मागे ठेवायचे, त्यातलंच ते. आता कितीतरी पत्रिकांवर पहिलं नाव "श्रीमती" असतं आणि कुणाचं काही अडलेलं नाही. ज्या बाईने मुलाला वाढवलं तिचं नाव खाली व्यवस्थापकांत छापायचं का?

नानासाहेब

मी मागे ठेवा म्हटलं नाही. थोरल्यांचा मान आधी, इतकंच. वडीलधारं माणूस घरात असताना त्याच्या आधी नाव घालणं बरं दिसत नाही.

कृष्णाकाठ

घरातही हाच वाद आहे. काका स्वतः म्हणतात वहिनींचं नाव आधी घाला. आत्याआजींना पटत नाही.

अक्षरजुळारी

हे मजकुराने सुटणारं नाही, घरात बसूनच सोडवा. मांडणीपुरतं सांगतो. संदेश आईच्या तोंडचा असेल, "आपल्या अमेयचं" अशी सुरुवात असेल, तर खाली आधी काकांची सही आली की वाचणारा गोंधळतो, बोलतंय कोण? काकांचं नाव आधी घ्यायचं असेल तर मजकूरही काकांचा करा, "आमच्या पुतण्याचं". छापील पत्रिकेत दोघांची नावं एकाच ओळीत शेजारी बसवता येतात, तिथे पहिलं-दुसरं तितकं टोचत नाही. फोनवर ओळ मोडते आणि एक नाव खाली जातंच.

वडिलांचं नाव संदेशात घ्यायचं का, हाही प्रश्न येईल. सहीखाली "कै. ... परिवार" असं एका ओळीत घेतात, ते नेटकं दिसतं. मजकुराच्या सुरुवातीला "कै." नको. सूचनेत पहिला शब्द "कै." दिसला की माणसाच्या काळजात धस्स होतं.

टोमॅटोसार

बरं, व्हिडिओ राहू दे. आमच्या मुंजीच्या पत्रिकेचं विचारू का? मजकूर प्रेसमध्ये टाइप झालाय, तो कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं येतायत. फोन बिघडलाय का?

अक्षरजुळारी

फोन ठीक आहे. प्रेसवाले बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळणी करतात. त्यात आतली अक्षरं युनिकोड नसतात, फक्त त्या फाँटमुळे मराठी दिसतात. फाँट गेला की सोंग उतरतं. कृष्णाकाठ, तुमचाही मजकूर प्रेसकडून येणार असेल तर हे वाचा.

प्रेसवाल्याला "युनिकोडमध्ये द्या" म्हणा, त्यांच्याकडे रूपांतराची सोय बहुधा असते. रूपांतर होऊन आलं की अर्धं तपासून सोडू नका. चुका ठरावीक जागी होतात. पहिली वेलांटी जोडाक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, "साताऱ्याचे" मधला अर्धा र तुटतो, "ऋ" गायब होतो. तुमच्या बाबतीत वधूचंच नाव "ऋ" ने सुरू होतंय. खरं सांगायचं तर इतक्या छोट्या मजकुराला रूपांतर करत बसण्यापेक्षा फोनवर नव्याने टाइप करणं सोपं. मुंजीलाही तेच करा.

बेरीज_वजाबाकी

पाठवायचं कसं? ग्रुपवर एकदा टाकलं की सगळ्यांना गेलं ना?

रानजाई

ग्रुपवर टाकलेलं निमंत्रण ज्येष्ठ लोक निमंत्रण मानत नाहीत. "ग्रुपवर होतं" हे वाक्य ऐकवलं जातं, आणि ते कौतुकाने नाही.

अक्षरजुळारी

क्रम असा ठेवा. सत्तरीच्या पुढच्यांना आधी फोन, बोलणं झालं की त्याच दिवशी संदेश. म्हणजे संदेश हा बोलण्याचा लिखित पुरावा होतो, पत्ता शोधायला. गावातल्यांना अक्षत द्यायला जाणार असाल तर संदेश त्यानंतर. आधी गेला तर अक्षतीचं महत्त्व जातं. ग्रुपवर सगळ्यात शेवटी.

फॉरवर्ड करू नका. वर "फॉरवर्डेड" अशी खूण येते आणि वैयक्तिक म्हणून लिहिलेल्या संदेशाची हवाच निघून जाते. मजकूर कॉपी करा, प्रत्येकाच्या चॅटमध्ये चिकटवा, वरचं संबोधन आणि नावांची ओळ बदला, पाठवण्याआधी संबोधन पुन्हा वाचा. मामींना "ती. काकू" गेलं तर सगळी मेहनत पाण्यात.

ब्रॉडकास्ट लिस्ट वापरायची असेल तर एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर जतन केलेला नाही त्यांना संदेश पोहोचतच नाही. आणि तसं तुम्हाला कोणी सांगतही नाही. यादीत त्यांच्या नावापुढे दोन खुणा आल्या नाहीत तर समजायचं. भाचरांसाठी ब्रॉडकास्ट ठीक, आत्याआजींसाठी नको.

कॅलिफोर्नियातली_मावशी

इकडच्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही. त्यांच्यासाठी रोमन लिपीत मराठी लिहू नका, ते ना त्यांना वाचता येतं ना आम्हाला. त्यांना सरळ इंग्रजीत चार ओळी पाठवा. आणि विमानतळापासून पुढे कसं यायचं ते लिहा. "विश्रामबाग" ही खूण तुम्हाला पुरते, आम्हाला नाही.

कृष्णाकाठ

पुण्याला उतरून गाडीने, किंवा मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरून सांगलीला उतरायचं. मिरज जंक्शनला उतरलं तरी सांगली रस्त्याने विश्रामबाग मधेच लागतं. हे संदेशात घालू का?

अक्षरजुळारी

मुख्य संदेशात नको. बाहेरगावच्यांना लग्नाआधी आठ दिवस दुसरा संदेश जाईल, त्यात फक्त येण्याची वाट, कोण घ्यायला येईल आणि त्याचा नंबर. पहिल्या संदेशात नकाशाचा दुवा पुरे. दुवा मात्र कार्यालयाच्या दारावर उभं राहून तपासा. सारख्या नावाची कार्यालयं एकाच शहरात असतात, आणि खूण मागच्या गल्लीत पडलेली असते.

नकाशाच्या दुव्याखाली माणसाला कळेल अशी एक खूण लिहा. आत्याआजी दुवा दाबत नाहीत, त्या रिक्षावाल्याला सांगतात. रिक्षावाल्याला जे नाव कळतं ते लिहा.

सदाशिव_पेठी

"आहेर आणू नये" हे कुठे घालायचं? की आजकाल तेही कालबाह्य?

रानजाई

घालायचं असेल तर शेवटी एका ओळीत. "आहेर नको, तुम्ही या." त्याखाली लांबलचक समजावणी नको. ज्यांना द्यायचाच असतो ते तरीही पाकीट आणतात.

नानासाहेब

आणणारच. आणि आणावं.

कृष्णाकाठ

आत्याआजींना मसुदा मोठ्या अक्षरांत वाचायला दिला. पहिल्यांदाच वार आणि वेळ स्वतः सांगितली. "लगेच जेवणं" वर हसल्या, म्हणाल्या हे बरं लिहिलंय. कुलस्वामिनीची ओळ हवीच म्हणाल्या, गणपतीशेजारी घातली. नावाच्या क्रमाचं अजून ठरलं नाही.

एक शंका. कार्यालयाने अजून सकाळी किती वाजता ताबा देणार ते नक्की सांगितलेलं नाही. पाठवल्यानंतर वेळ बदलली तर?

अक्षरजुळारी

ताबा नक्की होईपर्यंत थांबा, चार दिवसांनी काही बिघडत नाही. पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंतच बदलता येतो. त्यानंतर बदल झाला तर जुना तसाच राहू द्या, पुसू नका. पुसलेल्याची खूण राहते आणि लोक काळजीत पडतात. नवा संदेश पाठवा आणि त्यात फक्त बदल लिहा: "वेळ बदलली आहे. सकाळी ११ ऐवजी १० पर्यंत या. तारीख आणि जागा तीच." पूर्ण मजकूर पुन्हा पाठवलात तर लोक तो जुनाच समजून न वाचता वर सरकवतात. आणि सत्तरीच्या पुढच्यांना पुन्हा फोन.